जळजळ नाही, तरी सकाळी घसा खाकरावा लागतो: रात्रीच्या जेवणाची वेळ कशी बदलायची

प्रश्न: वय 44. नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. वर्षभर झालं, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास घसा खाकरत बसतो, तोंड कडू असतं. छातीत जळजळ अजिबात नाही. दुर्बिणीने घसा बघितला, ॲसिडिटी आहे म्हणाले. महिनाभर गोळ्या घेतल्या, विशेष फरक नाही. दुकान साडेनऊला बंद होतं, जेवायला सव्वादहा होतात, अकराला झोपतो. जेवणाच्या वेळा बदलल्या तर हे खरंच जाईल का? आणि दुकान सांभाळून बदलायच्या कशा?

उत्तर:

निदान बरोबर असेल तर बहुतेक जाईल. मात्र त्याला पंधरा दिवस पुरत नाहीत, दोन-तीन महिने लागतात. का लागतात ते आधी सांगतो, कारण अर्धे लोक तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून परत दहाच्या जेवणावर येतात. मी वीस-बावीस वर्षं सोलापुरात कान-नाक-घशाचे पेशंट बघतोय. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आठवड्यातून दोघं-तिघं तरी येतात, आणि त्यातले बरेचसे दुकानदार किंवा कारखान्यातले, म्हणजे रात्री दहाच्या पुढे ताटावर बसणारे असतात.

जठर आणि अन्ननलिका यांच्यामध्ये स्नायूची एक झडप असते. घास खाली गेला की ती बंद होते. पण पोट भरून ताणलं गेलं की ही झडप अधूनमधून आपोआप सैल पडते, म्हणूनच जेवल्यावर ढेकर येतो. बसलेले किंवा उभे असताना ढेकराबरोबर थोडं आम्ल वर आलं तरी ते लगेच खाली उतरतं, आपण थुंकी गिळतो आणि उरलंसुरलं धुऊन निघतं. झोपेत ही व्यवस्थाच बंद पडते. आडवं पडल्यावर खाली उतरायला उतार राहत नाही, लाळ जवळपास सुटत नाही, आणि गाढ झोपेत माणूस फार क्वचित गिळतो. त्यामुळे रात्री वर आलेला चमचाभर द्रवही बराच वेळ तिथेच राहतो आणि काही वेळा घशापर्यंत पोचतो.

मग छातीत जळजळ का नाही? जठराला आतून आम्ल सोसणारं जाड अस्तर असतं. अन्ननलिकेलाही थोडंफार संरक्षण आहे. स्वरयंत्राच्या आसपासच्या नाजूक त्वचेला मात्र जवळजवळ काहीच नाही. जेवढ्या आम्लाची अन्ननलिका दखलही घेत नाही, तेवढ्याने घसा सुजतो. शिवाय वर येणाऱ्या द्रवात नुसतं आम्ल नसतं. मांस-डाळीतली प्रथिनं पचवणारं पेप्सिन नावाचं द्रव्य त्यात असतं. ते घशाच्या पेशींना चिकटून राहतं आणि पुन्हा आम्लाचा स्पर्श झाला की पुन्हा कामाला लागतं. काही जणांत लहान आतड्यातलं पित्तही जठरात उलटं येऊन वर चढतं, आणि तोंडाचा तो खास कडवटपणा पुष्कळदा त्याचाच असतो. नुसतं आम्ल असेल तर चव आंबट लागते. आपण बोलताना दोन्हीला "पित्त" म्हणून मोकळे होतो, म्हणून पेशंटला मी मुद्दाम विचारतो, कडू की आंबट?

तुमच्या गोळ्यांनी फरक का पडला नाही, याचं एक उत्तर इथेच आहे. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या आम्ल तयार होणं कमी करतात. पोटातलं वर येणं त्या थांबवत नाहीत. द्रव तसाच वर येतो, फक्त कमी आंबट. त्यातलं पेप्सिन आणि पित्त येतच राहतं. दुसरं उत्तर त्याहून साधं आहे. ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, रिकाम्या पोटी घ्यायची असते. कारण अन्न पोटात पडलं की आम्ल सोडणारे पंप चालू होतात, आणि त्या वेळी गोळी रक्तात हजर असेल तरच ती ते बंद करू शकते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक ती चहा-खारीनंतर किंवा थेट झोपताना घेत असतात. तुम्ही कधी घेत होतात ते आठवून बघा. गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. पण घेण्याची वेळ चुकली असेल तर "गोळी लागू पडली नाही" असा निष्कर्ष काढता येणार नाही.

आता वेळेकडे वळू. साधं जेवण जठरातून बऱ्यापैकी पुढे सरकायला तीन ते चार तास लागतात, तेलकट असेल तर त्याहून जास्त. तुम्ही सव्वादहाला बसून पावणेअकराला उठता आणि अकराला आडवे होता. म्हणजे पोट सर्वांत जास्त ताणलेलं, आम्ल सर्वांत जास्त सुटलेलं, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही उतार काढून टाकता. जेवणानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत ताज्या आम्लाचा एक थर अन्नावर, अगदी झडपेखालीच तरंगत असतो. अन्नात तो मिसळलेला नसल्यामुळे त्याचा आंबटपणाही कमी झालेला नसतो. झडप सैल पडली की आधी तोच वर येतो. 2005 साली जपानमधल्या डॉक्टरांनी हे मोजलं होतं. जेवणानंतर तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांमध्ये आम्ल वर येण्याच्या आजाराची शक्यता, चार तास किंवा जास्त थांबणाऱ्यांच्या मानाने सुमारे सातपट निघाली. म्हणून मी घड्याळातली जेवणाची वेळ विचारत नाही. शेवटचा घास आणि आडवं पडणं यांत अंतर किती, हे विचारतो. ते तीन तास हवं.

हे दुकान सांभाळून कसं जमतं, ते एका पेशंटवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर, वय 48, पोट थोडं सुटलेलं, बाकी तब्येत ठीक. साडेनऊला सुट्टी, दहाला घरी, सव्वादहाला ताट. ताटात तीन भाकरी, आमटी, तेल घातलेली शेंगाची चटणी, शेवटी दहीभात. मग लोडाला टेकून मोबाइल, आणि अकरा-सव्वाअकराला झोप. सकाळी साडेसहाला उठल्यापासून खाकरणं सुरू. ते स्वतःच म्हणाले, "डॉक्टर, आमच्या गल्लीत माझ्या आवाजावर लोक उठतात."

मी त्यांना पहिल्या आठवड्यात काहीच बदलायला सांगितलं नाही. फक्त लिहायला सांगितलं: शेवटचा घास किती वाजता, आडवे किती वाजता, आणि सकाळी घसा मोकळा व्हायला किती मिनिटं लागली. त्यांनी घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या मागे पेन्सिलीने रकाने आखले होते. सात दिवसांत सरासरी 38 मिनिटं. रविवारी रात्री मटण आणि तेही पावणेअकराला, त्यामुळे सोमवारी सकाळी 55. हा आकडा बघून त्यांच्या मनातली "धूळ बसते म्हणून होतं" ही शंका बरीचशी गेली, कारण रविवारी कारखाना बंद असतो.

दुसऱ्या आठवड्यापासून एकच बदल केला. रात्रीचं खरं जेवण संध्याकाळी सातला, कारखान्यातच, डब्यातून. दोन भाकरी, भाजी, आमटी. सहाचा चहा आणि त्याबरोबरची भजी बंद केली, कारण सातला भूक लागायला हवी. साडेसातला डबा बंद. रात्री घरी आल्यावर फक्त कोमट पाणी. म्हणजे साडेसात ते सव्वाअकरा, पावणेचार तासांचं अंतर.

कागदावर हे सोपं दिसतं, घरात अवघड जातं. त्यांच्या पत्नी पुढच्या भेटीला सोबत आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की दिवसभरात सगळे एकत्र बसतात ते रात्रीच्या ताटावर, आणि आता हे येऊन नुसते बघत बसतात, घास घशाखाली उतरत नाही. हे मी हलक्यात घेत नाही. याच कारणाने पुष्कळांचं गाडं अडतं. आम्ही मार्ग असा काढला: सगळ्यांबरोबर बसायचं, पण एक छोटी वाटी. पातळ मुगाचं वरण, किंवा दुधी-दोडक्याची कमी तेलाची भाजी आणि अर्धी भाकरी. एवढं दहाला खाल्लं तर तीन तासांचा नियम मोडतो, मला माहीत आहे. पण पोट ताणलं जाण्याचा प्रश्न मुख्यतः किती खाल्लं यावर असतो. वाटीभर पातळ, बिनतेलाचं अन्न लवकर पुढे सरकतं. पूर्ण ताट सव्वादहाला आणि वाटीभर वरण दहाला, यात फार फरक आहे. ज्याला वाटीही टाळता येते त्याने टाळावी.

तिसऱ्या आठवड्यात ते आले तेव्हा जरा वैतागलेले होते. मिनिटं 38 वरून 26 वर आली होती, पण तिथेच अडकली होती. कागद बघितला तर सात साडेसातच्या पुढे काहीच नोंद नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाही हो डॉक्टर, झोपताना गार दूध पिलो फक्त. पित्ताला चांगलं असतं ना?" पेलाभर सायीचं दूध आणि सोबत मूठभर चिवडा, रात्री पावणेअकराला. दूध प्यायल्यावर दहा-वीस मिनिटं बरं वाटतं हे खरं आहे, कारण ते तात्पुरतं आम्ल मारतं. पण दुधातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने जठर पुन्हा आम्ल सोडायला लागतं, आणि सायीतल्या स्निग्धांशाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. झोपेपुरतं बघितलं तर ते एक छोटं जेवणच झालं आणि तीन तासांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. दूध सकाळी न्याहारीबरोबर घ्यायला सांगितलं. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत 26 चं 15 झालं.

सहाव्या आठवड्यात तोंडाचा कडवटपणा जवळजवळ गेला. खाकरणं मागे राहिलं आणि दहाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू पाच मिनिटांवर आलं. हा क्रम बहुतेकांत असाच दिसतो. कडू चव आधी जाते, कारण ती त्या रात्री काय वर आलं यावर असते. घशाची सूज वर्षभराची असते, ती उतरायला आठवडे लागतात. म्हणून तुम्हीही चौथ्या आठवड्यात खाकरण्यावरून निकाल लावू नका. तोंडाची चव बघा. ती सुधारत असेल तर रस्ता बरोबर आहे.

तुमच्या दुकानाला हे कसं बसवायचं? लग्नसराई सोडली तर संध्याकाळी साडेसहा-सातला गिऱ्हाईक कमी असेल अशी वीस मिनिटं तुम्हालाच ठाऊक असतील. डबा दुपारीच दोन भागांत आणा, किंवा घरून सहाच्या सुमारास मागवा. गल्ल्यावर बसून, एक घास आणि एक बिल असं खाऊ नका. आत बसा, पंधरा-वीस मिनिटं द्या. घाईत खाताना हवा जास्त गिळली जाते, ढेकर वाढतात, आणि ढेकराबरोबर बाकीचंही वर येतं. दुपारचं जेवण तुम्ही तीन-साडेतीनला घेत असाल तर ते दीडपर्यंत ओढा, नाहीतर सातला भूकच लागणार नाही आणि सगळं गणित परत रात्री दहावर जाऊन पडेल. मी बघतो की रात्रीचं जेवण लवकर करण्यात जे फसतात, ते बहुधा दुपारीच फसलेले असतात.

शेंगाची चटणी सोडा असं मी कोणाला सांगत नाही. सोलापुरात असं सांगणाऱ्या डॉक्टरचं कोणी ऐकत नाही, आणि ऐकायची गरजही नाही. पण शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, आणि आपण वरून आणखी तेल ओततो. ती दुपारच्या भाकरीबरोबर खा. रात्रीच्या ताटातून काढा. मटण, तळण, दहीभातानंतरचं गोड, सगळ्यांना हाच न्याय: दिवसा खा. तिखटाने काहींना त्रास वाढतो, काहींना अजिबात नाही. ते तुमच्या कागदावरून कळेल, सगळ्यांना एकच यादी देण्यात अर्थ नाही. तंबाखू, मावा, बिडी-सिगारेट यांच्याबाबत मात्र सूट नाही. तंबाखूने झडप सैल पडते, आणि घशाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. रात्री उशिरा दारूही तेच करते. जेवणानंतर पेपरमिंटची गोळी चघळायची सवय असेल तर तीही थांबवा, पुदिन्यानेही झडप ढिली होते.

उपवासाचा एक धोका सांगायला हवा, कारण आपल्याकडे गुरुवार, सोमवार करणारे घरोघरी आहेत. दिवसभर उपाशी राहून रात्री साडेनऊला उपवास सोडताना पोटभर वरण-भात-पुरी आणि तासाभरात झोप, ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या खाकरण्याची हमखास कृती आहे. सूर्यास्ताच्या सुमाराला उपवास सोडता येत असेल तर सोडा. रमजानमध्ये सहरी करून लगेच पुन्हा झोपणाऱ्या माझ्या पेशंटांचंही तेच होतं. त्यांना मी सहरी हलकी ठेवायला आणि नंतर पाठ उंच करून पडायला सांगतो.

रात्रपाळीवाल्यांचे फोन येतात, "मी कधी जेवू?" त्यांनाही उत्तर तेच. पाळी संपवून सकाळी आठला झोपणाऱ्या माणसाने साडेसातला पोहे-मिसळ खाल्ली तर त्याची "रात्र" तिथूनच बिघडते. त्याने पाळीतच पहाटे चारच्या सुमारास जेवावं, घरी येऊन थोडंसंच खावं.

झोपण्याबद्दल दोनच गोष्टी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचला. जास्त उशा घेऊ नका. उशांनी फक्त मान वाकते, पोट मुडपतं आणि आतला दाब उलट वाढतो. उन्हाळ्यात गच्चीवर सतरंजीवर झोपत असाल तर पाठीपासून उतार येईल अशी गादीची घडी खाली घाला. दुसरं, डाव्या कुशीवर झोपा. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या पातळीखाली राहतं, उजव्या कुशीवर ते वर येतं. रात्रभर एकाच कुशीवर राहता येत नाही, पण पहिले दोन तास राहिलात तरी पुष्कळ.

आता सकाळची गोष्ट. ही मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथे लोक स्वतःच्या हाताने दुखणं वाढवतात. ब्रश करताना दोन बोटं घशात घालून, मोठ्याने ओकाऱ्या काढून "पित्त पाडायची" सवय आपल्याकडे जुन्या माणसांत आणि आता तरुणांतही आहे. हिरवट-पिवळं काहीतरी पडलं की मन शांत होतं. पण जे रात्री चमचाभर वर आलं असतं ते तुम्ही सकाळी जोर लावून वाटीभर वर आणता. जुन्या सूजलेल्या घशावरून ते पुन्हा जातं. ती सवय बंदच करा. जोराने खाकरणंही तसंच आहे. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, त्यांना वंगण म्हणून शरीर आणखी चिकट स्राव सोडतं, तो अडकल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस पुन्हा खाकरतो. घशात अडकलेलं ते बहुतेक वेळा कफ नसून या सूजेचाच स्राव असतो. खाकरावंसं वाटलं की कोमट पाण्याचा घोट घ्या, हनुवटी थोडी खाली करा आणि जोर लावून गिळा. पहिले चार दिवस फार अस्वस्थ वाटेल. माझ्या त्या पेशंटने बेसिनपाशी पाण्याचा तांब्याच ठेवला होता.

मधुमेहाची औषधं चालू असतील, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, तर रात्रीचं जेवण सातला नेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. रात्रीचा डोस तसाच राहिला आणि जेवण तीन तास आधी झालं तर पहाटे साखर खाली जाऊ शकते. जुन्या मधुमेहात जठरही हळू रिकामं होतं, त्यांना तीन तास कमी पडतात.

आणि हे सगळं पोटातून येतंय असं गृहीत धरू नका. दुर्बिणीतून स्वरयंत्राच्या मागे लाली दिसणं हा काही पक्का पुरावा नाही, ती लाली त्रास नसलेल्या माणसातही दिसते. मी हे माझ्याच पेशाबद्दल सांगतोय. सकाळी शिंका, नाक वाहणं, नाक चोंदणं असेल तर ॲलर्जीचा स्राव घशात उतरत असेल. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ही ब्लडप्रेशरची औषधं काहींना घशात सतत कोरडी खवखव देतात. घोरत असाल, तोंड उघडं ठेवून झोपत असाल तर कोरड पडून सकाळी चव बिघडते, आणि झोपेत श्वास अडणाऱ्यांत आम्ल वर येण्याचं प्रमाणही जास्त असतं. हिरड्यांतून पू येत असेल तर तोंड सकाळी कडूच लागणार. म्हणून माझा नियम असा: वेळा काटेकोर पाळून आणि गोळी योग्य वेळी घेऊन तीन महिन्यांत मिनिटांचा आकडा हलला नाही, तर गोळी वाढवायची नाही, निदान पुन्हा तपासायचं. गरज पडली तर नाकातून बारीक नळी घालून 24 तास किती वेळा वर येतंय ते मोजता येतं. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण गरज फार थोड्यांना पडते.

तीन महिने थांबायचंच नाही अशी लक्षणंही आहेत. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, मानेत गाठ, एकाच कानात दुखत राहणं, किंवा आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहणं. तंबाखू खाणाऱ्याचा आवाज बसला असेल तर जेवणाच्या वेळा बदलून बघू असं म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात घसा दाखवा. चालताना छातीत दाब येऊन थांबावं लागत असेल तर ती ॲसिडिटी समजू नका, आधी हृदय तपासा.

तुम्ही आजपासून सात दिवस काही न बदलता फक्त तीन रकाने लिहा. मग डब्याची वेळ बदला, आणि त्याच वेळी बाकी काही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पलंगाच्या विटा दोन आठवड्यांनी घाला.

त्या सुपरवायझर साहेबांचं सांगायचं राहिलं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला लागोपाठ दोन रात्री नातेवाइकांबरोबर अकराला खाणं झालं. पुढच्या दोन्ही सकाळी 25 मिनिटं आणि तोंड कडूजार. घाबरून फोन केला, की सगळं परत आलं का? मी म्हटलं, पुन्हा सातच्या डब्यावर जा आणि चार दिवसांनी सांगा. पाचव्या दिवशी आकडा सहावर होता. यंदा ते गड्ड्यावर संध्याकाळी साडेसहालाच गेले, भजी खाल्ली, आणि आठच्या आत परतले.